नाव थोडंसं वेगळं म्हणून चेक परत आला? आधी तो अडवला कोणी ते बघा

रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायट्यांत भाड्याच्या चेकची ही कटकट हमखास होते. बिल्डर वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक एकदम हातात देतो आणि त्या सगळ्यांवर नाव असतं ते सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून उतरवलेलं. सर्टिफिकेट तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं, त्या वेळच्या सेक्रेटरीने हाताने लिहिलेलं. बँकेतलं खातं मात्र आधार आणि पॅनवरच्या नावाने. एक चेक नावावरून अडला की मागचे सगळेच अडणार, कारण चूक सगळीकडे तीच. म्हणून या पोस्टमध्ये भाड्याच्या चेकचंच उदाहरण घेतोय. विम्याचा, नातेवाइकाने दिलेला किंवा कोर्टातून मिळालेला चेक असला तरी वाट साधारण हीच.

मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर होतो आणि आता आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा वाद ऐकलाय. बिल्डरचा अकाउंटंट म्हणतो, "खात्यात पैसे आहेत, बँकेला विचारा." बँकेतला क्लार्क म्हणतो, "चेक बदलून आणा." बँक कोणती, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. एक बँक तुमची, जिथे तुम्ही चेक भरता. दुसरी बिल्डरची, जिच्या खात्यातून पैसे जाणार. नावातल्या फरकाचं दुखणं जवळजवळ नेहमी पहिल्या बँकेत असतं आणि लोक मात्र चेक देणाऱ्याशी भांडत बसतात.

हे असं का होतं?

आता कागदी चेक एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही. तुमच्या बँकेत तो स्कॅन होतो, फोटो आणि खालच्या पट्टीवरचे आकडे पुढे जातात, कागद तुमच्याच बँकेत राहतो. चेक ट्रंकेशनची ही पद्धत २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली, २०१३ मध्ये मुंबईत आली. बिल्डरच्या बँकेच्या पडद्यावर चेकचा फोटो उमटतो. त्यावरून ती सही, तारीख, रक्कम, खाडाखोड तपासते आणि खात्यात पैसे आहेत का ते बघते. तो चेक कोणाच्या खात्यात जमा होणार आहे आणि त्या खातेदाराचं नाव काय, हे तपासणं तिच्या हातात नसतं. ती जबाबदारी चेक गोळा करणाऱ्या बँकेची, म्हणजे तुमच्या बँकेची.

"अकाउंट पेयी" असं क्रॉसिंग असलेला चेक ज्याचं नाव वर लिहिलंय त्याच्याच खात्यात जमा करायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ मधलं कलम १३१ चेक गोळा करणाऱ्या बँकेला संरक्षण देतं, पण तिने प्रामाणिकपणे आणि हलगर्जी न करता काम केलं असेल तरच. चुकीच्या माणसाच्या खात्यात पैसे गेले आणि खरा मालक उद्या दारात उभा राहिला, तर नाव न जुळवता चेक घेतला हीच हलगर्जी ठरते. काउंटरवरची बाई "मॅडम, फक्त एका अक्षराचा फरक आहे हो" हे ऐकून विरघळत नाही, याचं कारण हे. तिला तुमच्यावर संशय नसतो. उद्या ऑडिटमध्ये सहीखाली तिचं नाव निघणार असतं.

कोणी अडवला ते कसं ओळखायचं?

परत आलेल्या चेकला मेमो टाचलेला असतो, तो नीट वाचा. चेक पुढे जाऊन बिल्डरच्या बँकेने परत केला असेल तर मेमोवर परतीचं छापील कारण असतं आणि पासबुकात बहुधा दोन नोंदी दिसतात: रक्कम जमा झाली आणि तीच पुन्हा वजा झाली. तुमच्या बँकेनेच अडवला असेल तर बऱ्याचदा पासबुकात काहीच उमटत नाही. चेक पे-इन स्लिपसकट परत मिळतो आणि कोपऱ्यात पेन्सिलीने "नाव वेगळे" असं काहीतरी खरडलेलं असतं. ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेला असेल तर एखादा मेसेज येतो किंवा तोही येत नाही, आणि चेक शाखेच्या ड्रॉवरमध्ये तुमची वाट बघत पडून राहतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं, त्यामुळे सकाळी भरलेल्या चेकचं काय झालं हे सहसा त्याच संध्याकाळी कळायला हवं. दुसऱ्या दिवशीही खात्यात हालचाल नसेल तर चेक तुमच्या शाखेतच थांबलाय असं समजून फोन करायला हरकत नाही.

बिल्डरच्या बँकेकडून नावासंबंधी परत येण्याची कारणं मोजकी आहेत. चेकवर नावात खाडाखोड आहे, किंवा बिल्डरने पॉझिटिव्ह पेमध्ये, म्हणजे चेकचा तपशील आधीच कळवून ठेवायच्या सोयीत, आपल्या बँकेला दिलेलं नाव आणि चेकवरचं नाव यांत फरक आहे. ही दोन्ही कारणं चेक देणाऱ्याच्या बाजूची, ती त्यानेच निस्तरायची. बाकी "नाव जुळत नाही" हा निर्णय तुमच्या बँकेचा, आणि बोलायचं तेही तिथेच.

एक उदाहरण शेवटपर्यंत

आमच्याच भागातली एक केस सांगतो. नावं बदलली आहेत, फरक जसाच्या तसा ठेवलाय. शेअर सर्टिफिकेटवर, आणि म्हणून चेकवर, नाव होतं:

```
Smt. Sunandabai V. Pawar
```

खात्यावरचं नाव:

```
Sunanda Vasant Powar
```

महिन्याला ३२,००० रुपये भाडं, दर महिन्याच्या ५ तारखेचे चेक. पहिला चेक जमा झाला. दुसरा त्याच शाखेने परत केला. बाईंचा साहजिक प्रश्न: पहिला चालला, मग दुसरा का नाही? याचं उत्तर फार साधं आहे. पहिला कोणीतरी नजरेआड केला किंवा "चालेल" म्हणून पुढे ढकलला, दुसऱ्या वेळी टेबलावर दुसरा माणूस होता. पहिला चेक पास झाला म्हणजे नाव मान्य झालं असं नाही, आणि तो आधार धरून वाद घालण्यात अर्थ नाही. उलट "आधीचा कसा घेतला?" असं जोरात विचारलं की क्लार्क आणखी सावध होतो. पहिल्या नोंदीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो, तो पुढे सांगतो.

आता या दोन नावांतले फरक वेगळे करून बघा. "श्रीमती" असणं किंवा नसणं, याला कोणी हरकत घेत नाही. `V.` आणि `Vasant` यांत आद्याक्षर जुळतंय, बहुतेक ठिकाणी चालतं. आडनाव आधी की शेवटी, हाही फरक सहसा अडत नाही. "सुनंदा" आणि "सुनंदाबाई" हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. बाई, राव, भाऊ, ताई हे शेपूट कागदावर कधी लागतं, कधी गळतं. महाराष्ट्रातल्या शाखेत ते समजून घेतात. दिल्ली किंवा चेन्नईहून बदलून आलेला अधिकारी असेल तर मात्र समजावावं लागतं. अडचण होती ती आडनावात: `Pawar` आणि `Powar`. पवार आणि पोवार ही दोन वेगळी आडनावं म्हणून सर्रास वापरात आहेत, कोल्हापूर भागात तर पोवार घरोघर. त्यामुळे एका अक्षराचा हा फरक "स्पेलिंगची चूक" म्हणून सोडून देता येत नाही. हीच गोष्ट `Jadhav` आणि `Jadhao`, `Chavan` आणि `Chauhan` यांची. उलट `Laxmi` आणि `Lakshmi` किंवा `Suryavanshi` आणि `Suryawanshi` यांत दुसरा माणूस असण्याची शक्यता कमी, म्हणून ते बऱ्याचदा निभावतात. काउंटरवरचा माणूस मनातल्या मनात एवढंच विचारतो: या नावाचा दुसरा कोणी असू शकतो का? त्यामुळे अक्षरं किती वेगळी आहेत यापेक्षा कुठली वेगळी आहेत याला महत्त्व.

बाईंचा मुलगा चेक घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेला. अकाउंटंटने पेन काढलं, `a` चा `o` केला आणि शेजारी सही ठोकली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे चालायचं. आता चालत नाही. डिसेंबर २०१० पासून चेक ट्रंकेशनमध्ये जाणाऱ्या चेकवर नावात किंवा रकमेत कसलाही बदल करता येत नाही. शेजारी सही केली तरी नाही. फक्त तारखेच्या बाबतीत, म्हणजे मुदत वाढवून घेण्यापुरती, सूट आहे. नाव बदलायचं तर नवा चेक. त्या दुरुस्त केलेल्या चेकचं मग व्हायचं तेच झालं. या वेळी तो बाईंच्या बँकेतून निघाला, कारण नाव आता जुळत होतं, आणि बिल्डरच्या बँकेने "खाडाखोड आहे" म्हणून परत केला. वर परतीचा चार्ज. एवढं करून बरा असलेला चेक कायमचा बाद झाला.

याला एक अपवाद आहे. तो नियम क्लिअरिंगमधून फोटोने जाणाऱ्या चेकसाठी आहे. चेक देणारा आणि घेणारा, दोघांची खाती एकाच बँकेत असतील तर चेक क्लिअरिंगला न जाता आतल्या आत ट्रान्सफर होतो, आणि पूर्ण सहीची दुरुस्ती बँक तिथे मान्य करू शकते. करेलच असं नाही. आधी विचारा आणि मगच पेन उचला.

बँकेत जाऊन काय मागायचं

बाईंची केस शेवटी दोन टप्प्यांत सुटली. आधी हातात असलेल्या, तारीख होऊन गेलेल्या पुढच्या चेकचा प्रश्न, मग उरलेल्या गठ्ठ्याचा.

हातातला चेक जमा व्हावा म्हणून ब्रँच मॅनेजरला भेटावं लागतं. काउंटरवर हा निर्णय होत नाही, तिथे वेळ घालवू नका. मॅनेजरच्या अधिकारात तो एकदा घेणं बसतं, पण त्याने तो घ्यायलाच हवा असा नियम नाही, हे लक्षात ठेवून बोला. त्याला हवं असतं ते दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारं काहीतरी, जे उद्या फाइलला लावता येईल. आमच्या बाबतीत सोसायटीचं पत्र कामाला आलं. लेटरहेडवर, सेक्रेटरीची सही आणि शिक्का, शेअर सर्टिफिकेटची प्रत सोबत. मजकूर असा होता:

> श्रीमती सुनंदा वसंत पोवार या आमच्या संस्थेच्या सभासद असून संस्थेच्या दप्तरी व शेअर सर्टिफिकेटवर त्यांचे नाव "सुनंदाबाई व्ही. पवार" असे नोंदलेले आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. पुनर्विकासाच्या करारानुसार विकासकाकडून मिळणारे भाड्याचे चेक त्यांना वरील दुसऱ्या नावाने दिलेले आहेत.

सोबत बाईंचा स्वतःचा अर्ज: चेक नंबर, तारीख, रक्कम, दोन्ही नावं, आणि रक्कम चुकीने जमा झाल्याचं निघाल्यास परत करण्याची हमी. पहिल्या चेकची पासबुकातली नोंद इथे जोडली, वाद घालायला नाही तर त्याच बिल्डरकडून त्याच कारणासाठी आधीही रक्कम आली आहे हे दाखवायला. काही बँका चेकच्या मागे दोन सह्या घ्यायला सांगतात, एक चेकवर लिहिलेल्या नावाप्रमाणे आणि तिच्याखाली नेहमीची. ती जुनी पद्धत आहे, सांगितलं तर करा. आपण होऊन चेकच्या मागे काही गिरवू नका. खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर पुरे.

रक्कम लहान आणि खातं जुनं असेल तर एवढ्यावर काम होतं. रक्कम मोठी असेल, किंवा खातं दोन-चार महिन्यांपूर्वी उघडलेलं असेल तर मॅनेजर नको म्हणेल, आणि त्याच्या जागी मी असतो तरी नकोच म्हटलं असतं. दुसऱ्याचा चेक मिळवून जवळपासच्या नावाने नवं खातं उघडायचं आणि पैसे काढून पसार व्हायचं, ही चेकच्या फसवणुकीची जुनी रीत आहे.

बरेच जण इथे प्रतिज्ञापत्राकडे धावतात. वकील किंवा टायपिस्ट सांगतो, "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अ‍ॅफिडेव्हिट करून टाका." ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्याला १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टँप लागतो, वर नोटरीची फी. आधी शाखेला विचारा की प्रतिज्ञापत्र दिलं तर चेक घेणार का. "हो" म्हणाले तर करा. नुसतं प्रतिज्ञापत्र दाखवून खात्यावरचं नाव बदलून मिळेल, या भरवशावर मात्र ते करू नका. केवायसीच्या नियमांत नावातला बदल मान्य होण्यासाठी राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी ही दोनच कागदपत्रं नमूद आहेत.

या सगळ्यात चेकचं वय विसरू नका. १ एप्रिल २०१२ पासून चेक लिहिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतो. पुढच्या तारखांच्या गठ्ठ्यात प्रत्येक चेकचे तीन महिने त्याच्या त्याच्या तारखेपासून धरायचे. कागद जमवता जमवता पहिला चेक शिळा होतो आणि मग नाव जुळलं तरी उपयोग नसतो.

उरलेला गठ्ठा

राहिलेल्या चेकसाठी दर महिन्याला मॅनेजरची मनधरणी करणं शक्य नाही आणि तो करूही देणार नाही. तिथे चेकच बदलायला हवेत. प्रश्न असा येतो की बदलायचं काय, खात्यावरचं नाव की चेकवरचं? माझं मत ठाम आहे: खात्याला हात लावू नका. आधार, पॅन आणि खातं या तिन्हींवर नाव एकच असेल तर ती घडी मोडून शेअर सर्टिफिकेटवरच्या जुन्या स्पेलिंगशी खातं जुळवण्यात काही अर्थ नाही. एक चेक सुटेल आणि पॅनशी फारकत झाल्याने दहा गोष्टी अडकतील. बिल्डरला नवे चेक द्यायला एक पानाचं पत्र पुरतं.

पत्रात खात्यावरचं नाव इंग्रजी स्पेलिंगसह, पासबुकाच्या पहिल्या पानावर आहे तसं, लिहायचं. सोबत रद्द केलेला चेक आणि सोसायटीचं वरचंच पत्र. जुने चेक परत करताना त्यांची यादी करून नंबरांसह पोच घ्यायची. नवे चेक हातात पडेपर्यंत जुने देऊ नयेत. आमच्या इथे बिल्डरचा माणूस "जुने आधी जमा करा, मग नवे देतो" म्हणत होता. मग सोसायटीच्या ऑफिसात बसून देवाणघेवाण एकाच वेळी केली. पासबुक जुनं असेल तर आधी छापून आणा, कारण मध्ये कधीतरी आधारवरून केवायसी नव्याने केली असेल तर बँकेच्या संगणकावरचं नाव जुन्या पासबुकापेक्षा वेगळं असू शकतं. जुन्या पासबुकावरून नवे चेक लिहून घेतले आणि तेही अडले, असं होऊ नये.

याहून सुटसुटीत वाट म्हणजे चेक बंद करून एनईएफटीने भाडं मागणं. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावातला फरक तिथे आडवा येत नाही. याच कारणाने खाते क्रमांक अचूक लागतो, एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील. एप्रिल २०२५ पासून पाठवणाऱ्याला पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघता येतं, ते बिल्डरच्या माणसाने बघून घ्यावं. काही कंपन्या आधी एक रुपया पाठवून नाव ताडतात आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फरक दिसला की पेमेंट थांबवतात. तिथे पुन्हा सोसायटीचं तेच पत्र द्यावं लागतं. बिल्डरला मात्र चेकच आवडतात, कारण चेक दिले की वर्षभराचं भाडं "दिलं" असं दिसतं. सभासदालाही हातात चेक असण्याचा धीर वाटतो. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून मी आग्रह धरत नाही.

घर बदलण्याच्या वेळी मिळणारी मोठी रक्कम, म्हणजे कॉर्पस किंवा हार्डशिपची, चेकने येणार असेल तर आणखी एक गोष्ट बघा. ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी देणाऱ्याला पॉझिटिव्ह पेमध्ये तपशील कळवता येतो, आणि ५ लाखांपासून पुढे बँक ते सक्तीचंही करू शकते. त्या तपशिलात नावही असतं. बिल्डरने चेक नव्या नावाने लिहिला आणि ऑनलाइन तपशील जुन्या यादीतून चढवला, तर तुमच्या बँकेत नाव जुळेल आणि त्याच्या बँकेत फुटेल. चेक घेतानाच विचारा: "पॉझिटिव्ह पेला नाव काय टाकलंत?"

नवा चेक मागूनही भागत नाही अशा दोन गोष्टी

चेक "अमुक आणि तमुक" अशा दोन नावांचा असेल आणि खातं एकट्याचं असेल, तर स्पेलिंग शंभर टक्के बरोबर असलं तरी तो जमा होणार नाही. दोन्ही नावांचं संयुक्त खातं लागतं. शेअर सर्टिफिकेटवर नवरा-बायको दोघं असली की बिल्डरचा संगणक आपोआप "आणि" छापतो. करार करतानाच भाडं कोणाच्या नावे द्यायचं ते लिहून घ्या आणि दुसऱ्याची संमतीची सही घ्या. दोघांपैकी एकजण वारला असेल तर मृताच्या नावाचा चेक हा नावातला फरक राहत नाही. आधी सोसायटीत नॉमिनी किंवा वारसाची नोंद, मग नवा चेक. बँकेच्या मॅनेजरला त्यात काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट दुकानदारांची. चेक दुकानाच्या नावाचा आणि खातं मालकाचं बचत खातं, हेही कितीही ओळख असली तरी चालत नाही. त्या नावाचं चालू खातंच हवं.

लग्नाआधीचं आडनाव आणि नंतरचं, हा मधला प्रकार आहे. विवाह प्रमाणपत्र असेल तर बहुतेक शाखा चेक घेतात, आणि खात्यावर नाव बदलायचं असेल तरी तेच कागदपत्र पुरतं. नोंदणी केलेली नसेल तर राजपत्रातून जावं लागतं. महाराष्ट्रात तो अर्ज dgps.maharashtra.gov.in वर ऑनलाइन भरता येतो. पण त्याला वेळ लागतो, हातातल्या चेकचे तीन महिने त्यात संपू शकतात. म्हणून दोन्ही कामं एकदम सुरू करा, चेक बदलून घेणं वेगळं आणि राजपत्र वेगळं.

बिल्डरबरोबरचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार अजून नोंदवायचा असेल तर त्यात नाव "सुनंदा वसंत पोवार उर्फ सुनंदाबाई व्ही. पवार" असं घाला. नोंदणीकृत करारात दोन्ही नावं एकत्र आली की पुढे प्रत्येक वेळी सोसायटीचं पत्र लागत नाही, त्या पानाची झेरॉक्स पुरते. चेकवर मात्र "उर्फ" नको, तिथे खात्यावरचंच एक नाव.

बँकेशी अडलंच तर

शंका असलेला चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका. काउंटरवर द्या आणि पे-इन स्लिपवर शिक्क्याची पोच घ्या. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच नाकारता येत नाही, ड्रॉप बॉक्स समोर असला तरी. चेक परत करताना कारण लेखी मागा. चेक तुमच्याच बँकेत थांबला, क्लिअरिंगला गेलाच नाही, आणि तरी परतीचा चार्ज लागला असेल तर तो परत मागा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ग्राहकाचा दोष असेल तिथेच हा चार्ज लावायचा असतो. खाडाखोडीमुळे परत आलेल्याचा चार्ज बिल्डरकडून वसूल करा, आमच्या इथे त्याने पुढच्या महिन्याच्या भाड्यात धरून दिला. लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. पण तिथे चार्ज, पोच न देणं, चेक गहाळ होणं अशा तक्रारी टिकतात. "आडनावात फरक असूनही चेक घ्या" अशी मागणी तिथे टिकणार नाही.

आणि नावावरून परत आलेल्या चेकसाठी बिल्डरला लगेच कलम १३८ ची नोटीस धाडायचा सल्ला कोणी दिला तर थांबा. ते कलम खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे चेक न वटण्याबद्दल आहे. इथे पैसे होते, नाव चुकलं होतं. नवे चेक मागणारं साधं पत्र पोच घेऊन द्या. तो नवे चेक द्यायला टाळाटाळ करू लागला तर कराराप्रमाणे भाडं थकलं म्हणून वकिलामार्फत मागणी करा, आणि तेव्हा हे पोच घेतलेलं पत्र सोबत जोडा.